अरबीत वेळ आणि तारीख सांगताना: क्रमवाचक संख्या कोणत्या नामाच्या मागे जाते?

प्रश्न: «मी एका प्रवास कंपनीत काम करते आणि सायंकाळच्या वर्गात अरबी शिकते. पाच वाजले हे 'अस्-साआ अल्-ख़ामिसा', पाच तास म्हणजे 'ख़म्स साआत', पाच दिवस म्हणजे 'ख़म्सत अय्याम' आणि पाच तारीख म्हणजे 'अल्-ख़ामिस'. पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी उलटसुलट होते. त्यात आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात 'जमादिलावल' आहे आणि पुस्तकात 'जुमादा अल्-ऊला'. सरांनी सरावासाठी रियाधचे एक जुने निमंत्रण दिले आहे. त्यावर लिहिले आहे: 'लैलत अस्-साबिअ वल्-इश्रीन मिन रमदान १४४६, अस्-साआ अथ्-थानिया अश्रता इल्ला थुल्थन'. मी त्याचा अर्थ 'गुरुवार, २७ मार्च २०२५, रात्री ११.४०' असा लावला, तर सर म्हणाले की पाहुणे एक दिवस उशिरा पोहोचतील. कसे?»

उत्तर:

सरांचे बरोबर आहे, पण निमंत्रणाकडे शेवटी वळू, कारण त्यातली चूक समजण्यासाठी आधीचे सगळे हाताशी असावे लागते. मी व्यवसायाने अरबी कागदपत्रांचा अनुवादक आहे. जन्मदाखले, निवासाचे परवाने, नोकरीचे करार असे कागद माझ्याकडे रोज येतात, आणि त्यांत सर्वाधिक तपासावी लागणारी गोष्ट म्हणजे तारीख. त्या कामातून बसलेली पद्धत सांगतो.

तुम्ही चार रूपे चार वेगवेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करत आहात, म्हणून ती निसटतात. प्रत्येक वेळी स्वतःला दोनच गोष्टी विचाराव्यात. पहिली, ही संख्या मोजते आहे की क्रम सांगते आहे, म्हणजे 'पाच' आहे की 'पाचवा'? दुसरी, ती ज्या नामाला चिकटली आहे ते नाम कोणते, आणि ते पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? अरबीत साआ (तास, वेळ), दकीका (मिनिट), लैला (रात्र) आणि सना (वर्ष) ही नामे स्त्रीलिंगी आहेत, तर यौम (दिवस), शह्र (महिना) आणि आम (हेही वर्षच) पुल्लिंगी. वेळ आणि तारखेचा जवळजवळ सगळा व्यवहार या सात नामांवर चालतो.

क्रम सांगणारी संख्या अरबीत साधे विशेषण असते आणि नामाच्या मागे मुकाट्याने जाते. मराठीत 'पाचवा दिवस', 'पाचवी रात्र' म्हणताना आपण विचार करत नाही, तसेच तिथे 'अल्-यौम अल्-ख़ामिस' आणि 'अल्-लैला अल्-ख़ामिसा' होते. पुल्लिंगी ख़ामिस, स्त्रीलिंगी ख़ामिसा, यात कोणतीही गोम नाही. गोम आहे ती मोजणाऱ्या संख्येत. तीनपासून दहापर्यंतच्या संख्या नामाच्या लिंगाच्या उलट रूप घेतात: साआ स्त्रीलिंगी, म्हणून पाच तास म्हणताना शेवटचा 'अत' नसलेले 'ख़म्स साआत', यौम पुल्लिंगी, म्हणून 'ख़म्सत अय्याम'. शिकणाऱ्यांचा घोळ होतो तो हा उलटा नियम क्रमवाचक संख्येलाही लावल्यामुळे. उलटेपणा फक्त मोजणीत आहे. क्रमात सगळे सरळ आहे. एवढी रेघ एकदा मधोमध ओढली की तुमच्या चार उदाहरणांपैकी दोन रेघेच्या अलीकडे आणि दोन पलीकडे पडतात.

आता घड्याळ. लेखी अरबीत 'पाच वाजले' याची बांधणी 'पाचवी वेळ' अशी आहे. 'अस्-साआ' निश्चित आहे, म्हणजे तिला 'अल्' लागलेला आहे, म्हणून तिच्या विशेषणालाही तो लागतो: अस्-साआ अल्-ख़ामिसा. दोघांपैकी एकाचा 'अल्' गाळणे ही नवशिक्याची नेहमीची चूक असते आणि ऐकणाऱ्याला ती लगेच खटकते. क्रम असा चालतो: अथ्-थानिया, अथ्-थालिथा, अर्-राबिआ, अल्-ख़ामिसा, अस्-सादिसा, अस्-साबिआ, अथ्-थामिना, अत्-तासिआ, अल्-आशिरा. यात 'सादिसा' तेवढी वेगळी वाटेल, कारण सहाला 'सित्ता' म्हणतात; पण क्रमवाचक रूप जुन्या 'स-द-स' या धातूवरून येते.

एक वाजण्याचा मात्र अपवाद आहे. तिथे 'पहिली' अशा अर्थाची 'अल्-ऊला' वापरत नाहीत. 'अस्-साआ अल्-वाहिदा' म्हणतात. 'अस्-साआत अल्-ऊला' म्हटले तर तो 'सुरुवातीचे तास' असा वेगळाच अर्थ होतो, आणि बातम्यांत 'पहाटेच्या पहिल्या काही तासांत' अशा अर्थाने तो सर्रास येतो.

अकरा आणि बारा वाजता दोन तुकड्यांची संख्या येते आणि दोन्ही तुकडे स्त्रीलिंगी होतात: अल्-हादिया अश्रता, अथ्-थानिया अश्रता. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 'अल्' फक्त पहिल्या तुकड्याला लागतो. आणि या दोन्ही तुकड्यांचे शेवटचे स्वर गोठलेले असतात. वाक्यात विभक्ती कोणतीही असो, ते 'अ'कारान्तच राहतात. 'पाच वाजता' म्हणताना 'फ़ी' या शब्दयोगीमुळे 'फ़िस्-साअतिल् ख़ामिसति' असा बदल होतो, पण 'बारा वाजता' हे 'फ़िस्-साअतिथ् थानियत अश्रत' असेच राहते. बोलताना हे शेवटचे स्वर बहुधा गळतात, त्यामुळे फरक कानाला जाणवत नाही; स्वरचिन्हांसह लिहायचे असेल किंवा मोठ्याने वाचून दाखवायचे असेल तेव्हा तो समोर येतो.

तासाचे भाग 'व' म्हणजे 'आणि' लावून जोडतात: वन्-निस्फ़ म्हणजे साडे, वर्-रुब्अ म्हणजे सव्वा, आणि तिसरा, जो आपल्याकडे नाही, तो 'वथ्-थुल्थ', म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा, वीस मिनिटे. पुढच्या तासातून वजा करायचे असेल तर 'इल्ला' येते आणि त्यानंतरचे नाम द्वितीयेसारख्या रूपात जाते: इल्ला रुब्अन म्हणजे पाऊण किंवा पावणे, इल्ला थुल्थन म्हणजे वीस मिनिटे कमी. पंचवीस आणि पस्तीस मिनिटांसाठी अर्ध्या तासाचा आधार घेण्याची पद्धत आहे: पाच पंचवीस हे 'साडेपाचला पाच कमी', म्हणजे 'अल्-ख़ामिसा वन्-निस्फ़ इल्ला ख़म्स दकाइक', आणि पाच पस्तीस हे 'साडेपाच आणि पाच मिनिटे'. सुरुवातीला हे वळसे घेऊन बोलल्यासारखे वाटते, पण कानावर सतत पडते, त्यामुळे अंगवळणी पाडून घ्यावे लागते.

आणि पाहा, याच वाक्यात रेघेच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या. 'अल्-ख़ामिसा' ही क्रम सांगते, म्हणून साआप्रमाणे सरळ स्त्रीलिंगी झाली. 'ख़म्स दकाइक' मधली पाच मिनिटे मोजते, दकीका स्त्रीलिंगी आहे, म्हणून ती उलटी होऊन 'ख़म्सा' न राहता 'ख़म्स' झाली. तुम्हाला सरावासाठी एकच वाक्य निवडायचे असेल तर हे निवडा. यात नियम आणि उलटा नियम शेजारी शेजारी बसले आहेत.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती तुमच्या नोकरीसाठी महत्त्वाची आहे. आतापर्यंत सांगितले ते लेखी, औपचारिक अरबीचे. रोजच्या बोलण्यात क्रमवाचक संख्या घड्याळासाठी सहसा वापरत नाहीत. कैरोचा माणूस 'इस्-साआ ख़म्सा व नुस्स' म्हणेल, म्हणजे साडेपाच, आणि आखाती देशांतही मोजणीचीच संख्या ऐकू येते, तिचे रूप प्रदेशानुसार थोडे बदलते. फोनवर ग्राहकाने असे म्हटले तर ते चुकीचे अरबी समजू नका आणि दुरुस्तही करू नका. उलट तुम्ही फोनवर संपूर्ण विभक्तींसह 'अस्-साअतुल् ख़ामिसतु वन्-निस्फ़ु' म्हणालात तर समोरचा समजेल, पण बातम्या वाचल्यासारखे त्याला वाटेल. माझा सल्ला असा की लिहिताना क्रमवाचक, बोलताना समोरच्याची पद्धत.

लेखी कागदावर वेळेच्या अंकांपुढे बहुधा एकच अक्षर असते: 'सबाहन', म्हणजे सकाळी, यासाठी स्वाद हे अक्षर आणि 'मसाअन', म्हणजे सायंकाळी, यासाठी मीम. हेच मीम वर्षाच्या अंकापुढे आले तर ते 'मीलादी', म्हणजे इसवी सन, दाखवते, आणि 'हे' नावाचे अक्षर हिजरी सन. एकाच ओळीत दोन मीम आले म्हणून गोंधळू नका. एक वेळेचे असते, दुसरे सनाचे.

तारखेकडे येऊ. 'पाच तारीख' म्हणताना अरबी माणसाच्या मनात 'पाचवा दिवस' असते आणि 'यौम' हा शब्द बहुधा गाळलेला असतो. यौम पुल्लिंगी, म्हणून अल्-ख़ामिस, आणि पुढे 'मिन' लावून महिना: अल्-ख़ामिस मिन रमदान. अकरा ते एकोणीस या तारखांचे दोन तुकडे गोठलेलेच असतात, फक्त आता पुल्लिंगी: अल्-हादी अशर, अथ्-थानी अशर, अल्-ख़ामिस अशर. वीस ही संख्या, 'अल्-इश्रून', लिंगाने बदलत नाही, विभक्तीने मात्र 'अल्-इश्रीन' होते. एकवीसपासून पुढे दोन तुकड्यांमध्ये 'व' येतो आणि इथे 'अल्' दोघांनाही लागतो: अल्-हादी वल्-इश्रून, अस्-साबिअ वल्-इश्रून. म्हणजे पंधराव्याला एक 'अल्' आणि पंचविसाव्याला दोन. हा फरक माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या अनुवादांत सर्वांत जास्त चुकलेला असतो. 'अल्-ख़ामिस व इश्रीन' असे अर्धवट रूप बोलण्यात चालते, करारात शोभत नाही.

वार आणि तारीख शेजारी आले की आणखी एक सापळा असतो. गुरुवार म्हणजे 'अल्-ख़मीस' आणि पाचवा म्हणजे 'अल्-ख़ामिस'. दोन्ही एकाच धातूचे, फरक फक्त कोणता स्वर लांबवायचा याचा. 'यौम अल्-ख़मीस, अल्-ख़ामिस मिन…' म्हणजे गुरुवार, पाच तारीख. लिहिताना अलिफ़ कुठे आहे ते पाहावे: ख़च्या लगेच नंतर अलिफ़ असेल तर ती तारीख, आणि मीमनंतर 'य' असेल तर तो वार. घाईत वाचलेल्या फोटोप्रतीवर हे दोन शब्द एकमेकांच्या जागी गेलेले मी पाहिले आहेत.

आता महिने. हिजरी वर्षाचे बारा महिने असे: अल्-मुहर्रम, सफ़र, रबीअ अल्-अव्वल, रबीअ अल्-आख़िर, जुमादा अल्-ऊला, जुमादा अल्-आख़िरा, रजब, शाबान, रमदान, शव्वाल, ज़ुल्-कअदा, ज़ुल्-हिज्जा. यांत 'अल्' पहिल्या महिन्याच्या नावाला लागतो, बाकीच्या साध्या नावांना नाही. शेवटच्या दोन नावांतला 'ज़ू' हा स्वतः विभक्तीने बदलणारा शब्द आहे, म्हणून तारखेत 'मिन'नंतर ते 'ज़िल्-कअदा', 'ज़िल्-हिज्जा' असे होतात. आपल्याकडचा 'जिल्हेज' हा या दुसऱ्या रूपाजवळचा आहे.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मात्र मधल्या चार महिन्यांत आहे. रबीअ दोन आहेत आणि जुमादा दोन आहेत. त्यांच्यापुढे 'पहिला' आणि 'नंतरचा' अशी विशेषणे लागतात. रबीअ पुल्लिंगी, म्हणून अल्-अव्वल आणि अल्-आख़िर. जुमादा मात्र स्त्रीलिंगी, बारा महिन्यांत हीच दोन नावे स्त्रीलिंगी, म्हणून 'अव्वल'चे स्त्रीलिंगी रूप 'ऊला' आणि 'आख़िर'चे 'आख़िरा'. काही देशांच्या कागदांवर 'नंतरचा'ऐवजी 'दुसरा' असतो: रबीअ अथ्-थानी आणि जुमादा अथ्-थानिया. दोन्ही चालतात, पण एका कागदात एकच पद्धत ठेवावी. रबीअ अथ्-थानी आणि रबीअ अल्-आख़िर हे दोन वेगळे महिने समजून कोणी तक्ता भरला, तर सगळा हिशेब एका महिन्याने सरकतो.

मग 'जमादिलावल' कुठून आला? हिंदुस्थानात ही नावे फारसीच्या वाटेने आली. फारसीत नामांना लिंग नाही, त्यामुळे विशेषणाने नामामागे जाण्याची गरजच उरली नाही आणि दोन्ही जोड्यांना एकच 'अव्वल' लागला: रबिलावल आणि जमादिलावल. मराठीत आणि उर्दूत ती रूढ रूपे आहेत, त्यांना अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही. तुम्ही मराठीत लिहीत असाल तर 'जमादिलावल' खुशाल लिहा. अरबी मजकुरात मात्र 'जुमादा अल्-अव्वल' असे लिहिले तर पुल्लिंगी विशेषण स्त्रीलिंगी नामाला लावले असे होते. अरबी भाषकांच्या हातूनही हे कधीकधी घडते, पण औपचारिक पत्रात ते टाळावे.

गंमत अशी की उलट्या मोजणीचा नियम आपल्याच दफ्तरांत शाबूत राहिला आहे. मराठेशाहीच्या मोडी पत्रांत सुहूर सन अरबी शब्दांत लिहीत. पानिपतच्या लढाईचे, म्हणजे १७६०-६१ चे, सुहूर वर्ष ११६१ होते आणि ते 'इहिदे सीतैन मया व अलफ' असे येते. हे आकडे लहानापासून मोठ्याकडे जातात: एक, साठ, शंभर, हजार. यातले 'इहिदे' म्हणजे अरबी 'इह्दा', एकाचे स्त्रीलिंगी रूप. ते स्त्रीलिंगी का? कारण मोजले जाते आहे ते 'सना', वर्ष, आणि ते स्त्रीलिंगी आहे. त्याच न्यायाने इतर वर्षांत 'सलास', 'खमस', 'सीत' असे शब्द दिसतात. 'सलासा', 'खमसा', 'सित्ता' दिसत नाहीत, कारण स्त्रीलिंगी वर्षापुढे तीन ते दहाच्या संख्या शेपूट गाळतात. 'सीतैन' हे साठचे, 'सित्तून'चे, 'फ़ी सनति' नंतरचे तिर्यक रूप 'सित्तीन'. ज्या चिटणिसाने ते लिहिले त्याला अरबी व्याकरण येत असेलच असे नाही, पण साचा बिनचूक उतरला आहे. मोडी वाचणाऱ्या कोणाशी ओळख असेल तर एखाद्या पत्राचा मायना पाहून घ्या. 'सना'चे लिंग पुन्हा विसरणार नाही.

आजच्या अरबीतही वर्ष वाचताना हाच प्रश्न उभा राहतो. १४४६ मधला सहा हा 'सना' म्हटले तर 'सित्त' आणि 'आम' म्हटले तर 'सित्ता' होतो: 'सनत अल्फ़ व अर्बअ मिआ व सित्त व अर्बईन', पण 'आम अल्फ़ व अर्बअ मिआ व सित्ता व अर्बईन'. अर्थ एकच, नाम बदलले म्हणून संख्या बदलली. अंकांत लिहिलेले वर्ष मोठ्याने वाचायची वेळ आली की आधी नाम ठरवा, मग तोंड उघडा.

आता तुमचे निमंत्रण घेऊ. वेळेपासून सुरुवात करू, कारण ती तुम्ही बरोबर सोडवली आहे. अस्-साआ अथ्-थानिया अश्रता, म्हणजे बारा. इल्ला थुल्थन, म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा कमी. म्हणजे अकरा चाळीस. रात्र की दुपार, हे 'लैलत' या पहिल्या शब्दाने ठरवले.

अडले ते त्या पहिल्या शब्दापाशीच. 'लैलत अस्-साबिअ वल्-इश्रीन' मध्ये लैला स्त्रीलिंगी आहे, पण सत्ताविसावा पुल्लिंगी आहे. इथे तुमच्या मनात शंका यायला हवी होती. सत्ताविसावा हा रात्रीचे विशेषण असता तर 'अल्-लैला अस्-साबिआ वल्-इश्रून' झाले असते, म्हणजे दोन्हींना 'अल्' आणि दोन्ही स्त्रीलिंगी. तसे नाही, म्हणजे ते विशेषण नव्हे. 'लैलत' हा षष्ठीसारख्या संबंधातला पहिला शब्द आहे, त्याचा 'अल्' म्हणूनच गळला आहे, आणि 'इश्रून'चे 'इश्रीन' त्यामुळेच झाले. अर्थ झाला 'सत्ताविसाव्या दिवसाची रात्र'. गाळलेला शब्द यौम, म्हणून पुल्लिंगी.

सत्ताविसाव्या दिवसाची रात्र कोणती? हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून दिवसाची रात्र त्याच्या आधी येते, नंतर नाही. सौदी अरेबियात रमजान १४४६ ची पहिली तारीख शनिवार, १ मार्च २०२५ ला होती, त्यामुळे सत्तावीस रमजान हा गुरुवार, २७ मार्च. त्याची रात्र बुधवारी, २६ मार्चला सूर्यास्तानंतर सुरू झाली. त्या निमंत्रणाची वेळ म्हणून बुधवार, २६ मार्च २०२५, रात्री ११.४०. 'अल्-लैला अस्-साबिआ वल्-इश्रून' असे लिहिले असते तरी उत्तर हेच आले असते, कारण रमजानची सत्ताविसावी रात्रही तीच. लिंग पाहून तारीख बदलत नाही. लिंग पाहिले की 'लैलत' हा शब्द एका पुढच्या दिवसाला बांधलेला आहे हे दिसते आणि वाचणारा थांबतो.

वाराच्या बाबतीतही हेच आहे. 'लैलत अल्-जुमुआ' म्हणजे आपल्या हिशेबाने गुरुवारची रात्र, आणि त्या निमंत्रणावर 'लैलत अल्-ख़मीस' असते तर ती बुधवारची रात्र ठरली असती. 'मसाअ अल्-ख़मीस' किंवा 'यौम अल्-ख़मीस' लिहिले असेल तर मात्र गुरुवारच समजावा. आधुनिक कार्यालयीन लेखनात तारखेआधी बहुधा 'यौम' येतो आणि घड्याळ मध्यरात्रीला दिवस बदलते. 'लैलत' धार्मिक प्रसंग, विवाह आणि रमजानमधील निमंत्रणे यांत जास्त भेटते. दोन्ही पद्धती एकाच कागदावर असतील, तर मी पाठवणाऱ्याला इसवी तारीख विचारतो. अशा वेळी अंदाज बांधत नाही.

एक शेवटची बाब तुमच्या कंपनीच्या कामाशी थेट संबंधित आहे. तीच हिजरी तारीख प्रत्येक देशात त्याच इसवी दिवशी येते असे धरू नका. सौदी अरेबियात नागरी कामकाजासाठी आधी गणित करून ठरवलेले उम्म अल्-कुरा कॅलेंडर वापरतात, आणि रमजान, शव्वाल व ज़ुल्-हिज्जा यांची सुरुवात चंद्रदर्शनाच्या साक्षीवर जाहीर होते. भारतात स्थानिक चंद्रदर्शनावर ठरते. २०२५ मध्ये सौदीत रमजान १ मार्चला आणि भारतात २ मार्चला सुरू झाला. म्हणजे मुंबईतल्या कॅलेंडरावर शोधलेला सत्तावीस रमजान रियाधच्या निमंत्रणाला लागू होत नाही. तुम्ही २७ मार्च लिहिलीत म्हणजे दिवस सौदीच्या हिशेबाने शोधलात, तो भाग ठीक होता. पण कागद ज्या देशाचा, कॅलेंडरही त्याच देशाचे पाहायचे, हे दर वेळी करावे लागेल.

आणि अंकांतली तारीख असेल, जसे २७/९/१४४६, तर त्यातला ९ हा सप्टेंबर नव्हे, हिजरीचा नववा महिना रमजान आहे. वर्ष चौदाशेचे दिसले की हे लक्षात येते, पण काही अर्जांवर वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक छापलेले असतात आणि तिथे घात होतो. माझ्या अनुवादात मी हिजरी तारीख महिन्याच्या नावासह मूळ रूपात ठेवतो आणि कंसात इसवी दिवस, वार आणि कोणत्या देशाच्या कॅलेंडराने काढला ते लिहितो. तुमच्या निमंत्रणासाठी ती ओळ अशी होईल: 'रमजान १४४६ च्या सत्ताविसाव्या दिवसाची रात्र (सौदी कॅलेंडरानुसार बुधवार, २६ मार्च २०२५), रात्री ११ वाजून ४० मिनिटे'.